शालेय नाटकाचं प्रॉम्प्टबुक

प्रॉम्प्टबुक म्हणजे रंगमंच व्यवस्थापकाची संहिता. प्रयोगात दिवा कधी बदलायचा, आवाज कधी सोडायचा, पडदा कधी पाडायचा, हे सगळं त्यात संवादाच्या नेमक्या शब्दापाशी नोंदलेलं असतं. शाळेच्या नाटकासाठी साधी रिंग फाइल पुरते. संहितेची पानं एकाच बाजूला छापून उजवीकडे लावायची आणि डावीकडचं कोरं पान नोंदींसाठी ठेवायचं. नोंदी पेन्सिलनेच कराव्यात. रंगीत तालमीपर्यंत त्या बदलत राहतात.

प्रत्येक क्यूला क्रमांक असतो. प्रकाशासाठी ‘प्र. 1, प्र. 2’ आणि ध्वनीसाठी ‘ध्व. 1, ध्व. 2’ अशी वेगळी मालिका ठेवली की गोंधळ होत नाही. तालमीत मध्येच नवा क्यू आला, तर त्याला ‘12 अ’ म्हणावं. पुढचे सगळे क्रमांक बदलले, की दिव्यांवरच्या मुलाचा कागद आणि प्रॉम्प्टबुक यांचा मेळ तुटतो.

खरं कौशल्य क्यूची जागा ठरवण्यात आहे. समजा, पावसाचा प्रवेश आहे. आजी म्हणते, ‘खिडकी लाव गं, पाऊस आत येतोय.’ नात खिडकीशी जाते, तेवढ्यात वीज चमकते, गडगडाट होतो, घरातले दिवे जातात आणि आजी ओरडते, ‘गेले दिवे!’ इथे ‘येतोय’ या शब्दावर खूण केली, तर वीज चमकेल तेव्हा नात कदाचित अर्ध्या वाटेवरच असेल. म्हणून ‘कडीला हात लागताच प्र. 12’ असं लिहावं. मग ती हळू चालली तरी काही बिघडत नाही. लगेच मागोमाग ध्व. 5, आणि गडगडाट ओसरू लागताच प्र. 13. आजीच्या वाक्यावर मात्र क्यू ठेवू नये. तीही दिवे जाण्याचीच वाट पाहत असते, त्यामुळे दोन्ही बाजू एकमेकींसाठी थांबून राहतील.

साधारण अर्धं पान आधी ‘तयार’ची नोंद हवी. व्यवस्थापक हलक्या आवाजात म्हणतो, ‘प्र. 12, ध्व. 5, प्र. 13 तयार.’ दिवे आणि ध्वनी सांभाळणारी मुलं होकार देतात. मग नेमक्या क्षणी, ‘प्र. 12, गो!’ ‘गो’ हा शब्द फक्त याच कामासाठी राखलेला असतो. एरवीच्या बोलण्यात तो आला, की कुणीतरी बटण दाबतंच.

पुस्तक बरोबर आहे की नाही, हे क्यू-टू-क्यू तालमीत कळतं. मधले संवाद गाळून प्रत्येक क्यूच्या दोनतीन वाक्यं आधीपासून सुरुवात करतात, क्यू घेतात आणि पुढच्याकडे जातात. एखादा क्यू पुन्हा पुन्हा उशिरा पडत असेल, तर बहुतेक वेळा मुलाचा हात मंद नसतो, खूण उशिराच्या शब्दावर असते. ती दोनतीन शब्द अलीकडे घ्यावी.

प्रयोगात नट अख्खं पानच गाळून पुढे गेला, तर व्यवस्थापकाने चालू वाक्य शोधून तिथे दिवे कसे असायला हवेत ते पाहावं आणि त्याच क्यूवर थेट जावं. त्यासाठी डाव्या पानावर नुसता क्रमांक पुरत नाही. ‘प्र. 13: खोली अंधारी, खिडकीत निळा’ असा परिणामही लिहिलेला असावा. तसा तो असेल, तर ऐनवेळी दुसऱ्या मुलीलाही त्याच पुस्तकावरून प्रयोग चालवता येतो.