अर्ध्यावर तुटलेला अपलोड आणि दिवसाचा कोटा

गेल्या आठवड्यात ओऑथची परवानगी घेऊन टोकन हातात कसे येते ते पाहिले. आता प्रत्यक्ष व्हिडिओ चढवायचा. यूट्यूबच्या डेटा एपीआयसाठी गूगलने पायथनमधला एक नमुना देऊन ठेवला आहे. त्यात फाइलचे नाव, शीर्षक आणि वर्णन भरले की पहिला व्हिडिओ विनासायास चढतो, आणि बहुतेकांना वाटते की आता हेच शंभर वेळा चालवले की झाले. इथेच गणित चुकते. एक व्हिडिओ चढवणे हे फाइल पाठवण्याचे काम आहे. शंभर व्हिडिओ चढवणे हे हिशेब ठेवण्याचे काम आहे. रोजचा कोटा आणि तुटलेला अपलोड पुढे चालू करणे हे दोन वेगळे धडे म्हणून शिकवले जातात. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही एकच: काय घडले याची नोंद प्रोग्रामच्या बाहेर, डिस्कवर असली पाहिजे.

एक उदाहरण धरून चालू. एखाद्या व्याख्यानमालेची १२० जुनी चित्रमुद्रणे आहेत, प्रत्येक फाइल साधारण दीड जीबीची. एपीआयमधल्या प्रत्येक कॉलची किंमत युनिटांत मोजली जाते आणि नव्या प्रोजेक्टला दिवसाला १०,००० युनिटे मिळतात. व्हिडिओ चढवणाऱ्या `videos.insert` ची किंमत गूगलच्या दस्तऐवजात कित्येक वर्षे १६०० युनिटे अशी छापलेली होती. त्या दराने भागाकार केला तर दिवसाला सहा व्हिडिओ बसतात आणि ४०० युनिटे उरतात. पण नुसता व्हिडिओ चढवून कोणी थांबत नाही. थंबनेल लावायला `thumbnails.set` चे ५० आणि प्लेलिस्टमध्ये टाकायला `playlistItems.insert` चे ५० धरले की एका व्याख्यानाचा खरा खर्च १७०० होतो. म्हणजे दिवसाला सहा नव्हे, पाच. पाच व्याख्यानांनंतर १५०० युनिटे उरतात, त्यात सहावा व्हिडिओ बसत नाही आणि त्याचा कॉल `quotaExceeded` या कारणाचा ४०३ खातो. हे दर गूगल अधूनमधून बदलत असतो, म्हणून आकडा कोडमध्ये कोरू नये. सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवावा आणि मोहीम सुरू करण्यापूर्वी कोट्याचे अधिकृत पान पुन्हा उघडून पाहावे. किंमत उतरली तर दिवस कमी लागतील. पण एका कामाची पूर्ण किंमत शिल्लक असेल तरच ते काम हाती घ्यायचे, हा नियम बदलत नाही.

कोट्याचा दिवसही आपला दिवस नव्हे. तो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री बदलतो, म्हणजे तिथे उन्हाळी वेळ चालू असताना भारतात दुपारी साडेबाराला आणि एरवी दीडला. रात्री बाराला लावलेले क्रॉन कोट्याच्या दिवसाच्या ऐन मध्यावर चालते. त्या रात्री कोटा संपला आणि कोणी सकाळी नऊला पुन्हा चालवून पाहिले तर तोच दिवस, तीच त्रुटी. म्हणून खर्चाची नोंद भारतीय तारखेखाली न करता `America/Los_Angeles` या टाइमझोनच्या तारखेखाली करावी. ठरावीक साडेबारा तास वजा करण्याची युक्ती तिथली उन्हाळी वेळ संपली की एका तासाने चुकते. कोटा संपला की पुन्हा पुन्हा धडका मारण्यातही अर्थ नाही. ५०० किंवा ५०३ आला तर थोडे थांबून, मग दुप्पट थांबून पुन्हा विचारणे योग्य आहे, कारण ती सर्व्हरची तात्पुरती अडचण असते. `quotaExceeded` ला मात्र पुढच्या दुपारपर्यंत उत्तर बदलत नाही.

आता फाइलकडे वळू. अपलोड दोन पायऱ्यांत होतो. आधी शीर्षक, वर्णन वगैरे माहिती `uploadType=resumable` लावून पाठवायची. उत्तरात सर्व्हर `Location` या हेडरमध्ये एक पत्ता देतो. हा त्या एका अपलोडपुरता सेशनचा पत्ता. मग फाइलचे बाइट त्या पत्त्यावर पाठवायचे. वाटेत वीज गेली, लाइन तुटली, तरी सर्व्हरकडे पोचलेले बाइट काही काळ राखलेले असतात. किती पोचले ते विचारायचे असेल तर रिकामी रिक्वेस्ट पाठवतात. आपल्या उदाहरणातली फाइल १,६१,०६,१२,७३६ बाइटची असेल तर ती अशी दिसते:

```
PUT <session URI>
Content-Length: 0
Content-Range: bytes */1610612736
```

आणि उत्तर असे येते:

```
HTTP/1.1 308 Resume Incomplete
Range: bytes=0-838860799
```

म्हणजे बाइट क्रमांक शून्यापासून मोजून ८०० एमबी पोचले आहेत. पुढची रिक्वेस्ट `838860800` या बाइटपासून सुरू करायची. उरलेले ७३६ एमबी तेवढे जातील. आपल्या बाजूने किती पाठवले याला इथे काडीची किंमत नाही. वाटेत असलेले बाइट पोचले असतील किंवा नसतीलही. सर्व्हर सांगेल तेच खरे. उत्तरात `Range` हेडरच नसेल तर काहीच पोचलेले नाही, शून्यापासून पाठवायचे, पण त्याच सेशनमध्ये.

आणि हा पत्ता हरवला तर? तिथे कोट्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पत्ता नाही म्हणजे नवे सेशन, नवे सेशन म्हणजे `videos.insert` चा नवा कॉल, आणि त्याचा नवा खर्च. गूगलच्या नमुन्यात नेमकी हीच फट आहे. त्यात पुन्हा प्रयत्न करण्याची सोय आहे, पण ती प्रोग्राम जिवंत असेपर्यंतच. सेशनचा पत्ता `request.resumable_uri` मध्ये, म्हणजे मेमरीत असतो. शिवाय नमुन्यात `chunksize=-1` आहे. त्यामुळे सेशन उघडण्यापासून अख्खी फाइल जाईपर्यंत सगळे `next_chunk()` च्या एकाच कॉलमध्ये घडते आणि पत्ता लिहून ठेवायला मधे जागाच मिळत नाही. मशीन बंद पडले की सेशन सर्व्हरवर जिवंत आणि आपण त्याला पारखे. यावर साधा इलाज म्हणजे ८ एमबीचे तुकडे करणे आणि पहिला तुकडा गेल्याबरोबर पत्ता डिस्कवर लिहिणे. तुकड्याचा आकार २५६ केबीच्या पटीत लागतो, फक्त शेवटच्याला सूट. त्याहून चांगले म्हणजे सेशन उघडण्याची रिक्वेस्ट आपणच करायची आणि एकही बाइट पाठवण्यापूर्वी पत्ता नोंदवायचा.

तुकड्यांवर आक्षेप असा की त्याने वेग कमी होतो, आणि गूगलचा दस्तऐवजही शक्यतो फाइल एकसंध पाठवा असेच सुचवतो. आक्षेप खरा आहे, पण किती वेग जातो ते मोजून पाहावे. दहा एमबीपीएसच्या लाइनवर ८ एमबीला पावणेसात सेकंद लागतात. तुकड्यामागे पाव सेकंद वाट पाहावी लागली तरी तोटा चार टक्क्यांच्या आत राहतो. सेशन स्वतः उघडून पत्ता आधीच नोंदवणाऱ्याने खुशाल एकसंध पाठवावे. तुकडे नसले तरी अपलोड पुढे चालू करता येतोच. जाता जाता: हा ३०८ वेबवर एरवी कायमच्या रीडायरेक्टचा कोड आहे. `httplib2` ने तो तसा मानायला सुरुवात केली तेव्हा गूगलच्या लायब्ररीला रीडायरेक्टच्या यादीतून ३०८ मुद्दाम वगळावा लागला. अपलोड चालू असताना `RedirectMissingLocation` दिसला तर नेटवर्कला दोष देऊ नये. लायब्ररीच्या आवृत्त्या तपासाव्यात.

सर्वांत नाजूक क्षण शेवटच्या तुकड्यानंतरचा. सर्व्हरला पूर्ण फाइल मिळाली, व्हिडिओ तयार झाला, पण ‘झाले’ हे उत्तर आपल्यापर्यंत येण्याआधी लाइन तुटली. प्रोग्रामच्या दृष्टीने हे अपयश. त्याने सुरुवातीपासून पुन्हा चढवले तर चॅनेलवर एकच व्याख्यान दोनदा येते आणि दिवसाचा कोटाही पुन्हा खर्च होतो. पत्ता नोंदलेला असेल तर वरचीच रिकामी रिक्वेस्ट पाठवायची. या वेळी ३०८ ऐवजी २०० किंवा २०१ येतो आणि सोबत व्हिडिओचा आयडी. सेशनची मुदत संपली असेल तर ४०४ येतो. तेव्हाही लगेच नवे सेशन उघडू नये. चॅनेलच्या अपलोड-प्लेलिस्टमधले ताजे व्हिडिओ `playlistItems.list` ने पाहावेत, त्याला एकच युनिट लागते. मालकाला `fileDetails` मधून फाइलचा बाइटमधला आकारही दिसतो. तो जुळला तर व्हिडिओ चढलेला आहे. हेच काम `search.list` ने करणाऱ्याचा प्रत्येक शोध शंभर युनिटे खातो.

वरच्या दराने रोज पाच म्हणजे १२० व्याख्यानांना चोवीस दिवस लागतात, आणि एवढ्या लांब मोहिमेत आणखी दोन गोष्टी आडव्या येतात. ओऑथची सेटिंग ‘टेस्टिंग’ अवस्थेत ठेवली असेल तर रिफ्रेश टोकन सात दिवसांत मरते. आठव्या दिवशी `invalid_grant` येतो. दुसरी जास्त जाचक: २८ जुलै २०२० नंतर तयार झालेला प्रोजेक्ट गूगलच्या ऑडिटमधून गेलेला नसेल, तर त्याने चढवलेला प्रत्येक व्हिडिओ खासगीच राहतो. म्हणून एकच व्हिडिओ चढवून तो सार्वजनिक होतो का हे आधी पाहावे. वर्णनाची मर्यादाही ५००० अक्षरांची नसून ५००० बाइटची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते काना असो की वेलांटी, तीन बाइट घेते. म्हणजे मराठीत हजार-सव्वाहजार अक्षरांतच जागा भरते. मजकूर `len(text.encode("utf-8"))` ने मोजून मगच पाठवावा.

कोटा कमी पडतो तर पाच प्रोजेक्ट काढून पाचपट का करू नये, असे हमखास विचारले जाते. एकाच कामासाठी कोटा चुकवण्यासाठी अनेक प्रोजेक्ट वापरणे यूट्यूबच्या धोरणात बसत नाही, आणि पकडले गेल्यास एक नव्हे, सगळेच प्रोजेक्ट बंद होऊ शकतात. वाढीव कोट्यासाठी अर्ज करण्याची सरळ वाट आहे. ती ऑडिटमधून जाते, आणि ऑडिट तर सार्वजनिक व्हिडिओसाठी तसेही करायचेच आहे. ब्राउझरलाच रोबोसारखे चालवणे हा तिसरा पर्याय अटींच्या विरुद्ध आहेच, शिवाय त्यात तुटलेला अपलोड कुठवर गेला हे विचारायला पत्ताच मिळत नाही.

खरा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: यूट्यूब स्टुडिओत एका वेळी १५ फाइली हाताने टाकता येतात. १२० व्याख्याने म्हणजे आठ खेपा. शीर्षके हातानेच लिहायची असतील आणि हे काम पुन्हा करायचे नसेल, तर माझाही कौल हाताच्याच बाजूने. तारखा, वक्ते आणि विषय आधीच तक्त्यात भरलेले असतील आणि दर आठवड्याला नवी मुद्रणे येणार असतील, तर मात्र नोंदवहीसह लिहिलेला प्रोग्राम परवडतो.