किल्ली हातात घेण्याआधी

ताबापत्रावर सही करायची तर दिवसाउजेडी, वीज आणि पाणी दोन्ही चालू असताना. सोबत टेस्टर, मोबाईलचा चार्जर आणि बादली असू द्या.

दार अर्धवट उघडून हात काढा. ते आपोआप फिरू लागलं तर चौकट ओळंब्यात नाही किंवा बिजागरी ढिली आहे. कुलूप आधी दार उघडं ठेवून फिरवा, मग लावून. उघड्या दाराला सहज फिरणारी किल्ली बंद दाराला अडत असेल, तर दोष कुलपाचा नाही. चौकटीतलं भोक चुकलंय. सुतार ते अर्ध्या तासात सरळ करतो, पण सहीनंतर तो सापडायला हवा!

सगळे नळ एकदम सोडा. सिंक काठोकाठ भरून बूच काढा आणि खालच्या जोडावर कोरडा कागद फिरवा. डोळ्यांना न दिसणारी गळती कागद ओला करून दाखवतो.

प्रत्येक सॉकेटात चार्जर लावून पाहा. मोठं भोक वर धरलं तर टेस्टर उजव्या भोकात पेटला पाहिजे. डावीकडे पेटला तर तारा उलट्या आहेत. बटण बंद करूनही उपकरणात वीज राहते. गीझरच्या पॉइंटला हे मुद्दाम बघा.

सापडलेले दोष खोलीवार लिहून बिल्डरच्या माणसाची सही घ्या. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत कळवलेला बांधकामाचा दोष बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तुटलेल्या मुठीवरून मात्र वाद होतो, म्हणून तिचा फोटो त्याच दिवशी काढा.