घशातून हृदयापर्यंत

मोठ्यांच्या हृदयविकाराचा धोका वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह आणि तंबाखू यांवरून मोजतात. संधिवाताच्या तापामुळे होणाऱ्या हृदयरोगाला हे गणित लागू पडत नाही. त्याची सुरुवात शाळकरी मुलाच्या घशात होते.

स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा सुजला आणि उपचार झाले नाहीत, तर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ताप येतो, सांधे आळीपाळीने सुजतात. जंतूंशी लढणारी प्रतिकारशक्ती हृदयाच्या झडपांवरही उलटते.

प्रत्येक घसादुखी या जंतूची नसते. म्हणून डॉक्टर गुण देतात: ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, खोकला नसणे, गळ्यातल्या दुखऱ्या गाठी, सुजलेले टॉन्सिल आणि ३ ते १४ वर्षे वय, प्रत्येकी एक. नऊ वर्षांच्या मुलीला ताप आहे, गाठी दुखतात, खोकला नाही, तर चार गुण झाले. सर्दी-खोकला असलेल्या तिच्या भावाला एकच. मुलीचा घसा तपासून, जंतू आढळल्यास पेनिसिलिन द्यावे. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांत औषध सुरू झाले तरी संधिवाताचा ताप टळतो.

झडपेची सुरुवातीची इजा स्टेथोस्कोपला अनेकदा कळत नाही, इकोत दिसते. युगांडात अशा सुमारे ८०० मुलांवर अभ्यास झाला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला. न घेणाऱ्यांत ८.२ टक्के.

घसा बरा वाटला म्हणून पेनिसिलिनच्या गोळ्यांचा दहा दिवसांचा कोर्स मध्येच थांबवू नका.