एकाच फंडाचे दोन परतावे : वर्षाच्या मध्ये भरलेल्या रकमेचा हिशेब

डाळिंब, कापूस किंवा उसाचे पैसे नोकरदाराच्या पगाराप्रमाणे दरमहा येत नाहीत, ते एकदम हाती येतात. त्यामुळे म्युच्युअल फंडात पैसे ठेवणाऱ्या शेतकऱ्याची मोठी रक्कम बहुधा वर्षाच्या मध्येच भरली जाते. वर्षअखेरीस फंडाच्या माहितीपत्रकात वाढ दिसते आणि आपल्या खाते उताऱ्यावर मात्र तोटा. मग कोठेतरी फसवणूक झाली, अशी शंका येते. प्रत्यक्षात दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. ते कसे, हे एका उदाहरणावरून पाहू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतले असून मुद्रांक शुल्क व कर धरलेले नाहीत.

समजा, एका बागाईतदाराने १ एप्रिलला एका समभाग फंडात ५०,००० रुपये भरले. त्या दिवशी एका युनिटचे मूल्य, म्हणजेच एनएव्ही, २० रुपये होते. त्याला २,५०० युनिट मिळाले. सहा महिन्यांत एनएव्ही २५ रुपये झाली. आंबे बहाराच्या डाळिंबाचे पैसे आले होते, फंडही चांगला वाटत होता. म्हणून १ ऑक्टोबरला त्याने आणखी २,००,००० रुपये भरले व ८,००० युनिट घेतले. पुढे बाजार उतरला. ३१ मार्चला एनएव्ही २२ रुपये होती. १०,५०० युनिटांची किंमत २,३१,००० रुपये झाली. भरले होते २,५०,००० रुपये. म्हणजे तोटा १९,००० रुपये.

फंडाचा परतावा

फंडाची एनएव्ही वर्षभरात २० वरून २२ झाली, म्हणजे १० टक्के वाढ. पहिल्या सहामाहीत २५ टक्के वाढ, दुसरीत १२ टक्के घट, १.२५ ला ०.८८ ने गुणले की १.१० येतात. यात कोणी केव्हा किती पैसे भरले याचा संबंध येत नाही, फक्त काळाचे टप्पे एकमेकांना जोडले जातात. याला कालभारित परतावा म्हणतात. पैसे केव्हा येणार हे फंड चालविणाऱ्याच्या हाती नसते, म्हणून त्याचे काम याच आकड्याने तपासावे.

वाणाच्या बाबतीतही असेच घडते. हेक्टरी उत्पन्नावरून वाण कळतो. पण चांगल्या हंगामात अर्धा एकर आणि वाईट हंगामात चार एकर पेरणाऱ्याच्या घरात किती पोती आली, ते त्यावरून कळत नाही.

आपल्या पैशाचा परतावा

१९,००० ला २,५०,००० ने भागून ७.६ टक्के तोटा काढण्याची चूक पुष्कळजण करतात. मोठी रक्कम वर्षभर नव्हे, सहाच महिने फंडात होती. मजुरीचा हिशेब आपण मजूर-दिवसांत करतो, तसा येथे रुपये-महिन्यांत करावा. ५०,००० रुपये १२ महिने, म्हणजे ६ लाख. २,००,००० रुपये ६ महिने, म्हणजे १२ लाख. एकूण १८ लाख, त्यास १२ ने भागले की वर्षभराचे सरासरी भांडवल १,५०,००० रुपये येते. त्यावर १९,००० चा तोटा म्हणजे सुमारे १२.७ टक्के. हा रक्कमभारित परतावा, अर्थात ढोबळ मानाने काढलेला.

काटेकोर आकडा संगणकावर मिळतो. तारखा पहिल्या स्तंभात व रकमा दुसऱ्या स्तंभात लिहाव्यात. भरलेल्या रकमांना उणे चिन्ह द्यावे, शेवटच्या तारखेची किंमत अधिक ठेवावी आणि पुढील सूत्र द्यावे :

```
=XIRR(B1:B3,A1:A3)
```

उत्तर उणे साडेबारा टक्क्यांच्या आसपास येते. चिन्हे द्यायची राहिली तर सूत्र चूक दाखविते. मात्र रक्कम भरून दोनच महिने झाले असतील, तर या आकड्यावर विसंबू नये. दोन महिन्यांतील ४ टक्के वाढ हे सूत्र वर्षाला २६ टक्क्यांहून अधिक करून दाखविते; तीच गती वर्षभर राहील असे धरून ते चालते.

आता रकमा उलट करून पाहा. शेजाऱ्याने त्याच फंडात एप्रिलमध्ये २,००,००० व ऑक्टोबरमध्ये ५०,००० रुपये भरले असते, तर त्याचे १२,००० युनिट मार्चअखेर २,६४,००० रुपयांचे झाले असते. १४,००० रुपये नफा, सरासरी भांडवल २,२५,००० रुपये, परतावा सुमारे ६.२ टक्के. फंड तोच, एकूण रक्कमही तीच.

बँकेच्या ठेवीशी किंवा पीककर्जाच्या व्याजाशी तुलना करताना रक्कमभारित आकडा घ्यावा, कारण खिशात काय पडले ते तोच सांगतो. पण तो उणे आला एवढ्यावरून फंड सोडू नये. त्यासाठी फंडाचे १० टक्के त्याच्या निर्देशांकाच्या त्याच वर्षाच्या, लाभांश धरून काढलेल्या वाढीशी ताडून पाहावेत. लाभांश वाटणाऱ्या पर्यायात वाटपानंतर एनएव्ही तेवढी उतरते. तेथे मिळालेली रक्कम हिशेबात धरल्याशिवाय दोन्ही आकडे कमी दिसतात.

आपल्या उदाहरणातील बागाईतदाराचा तोटा फंड निवडण्यात झालेला नाही. आंबे बहाराचे पैसे हाती आले त्याच सुमारास बाजार चढलेला होता, आणि सगळी रक्कम एकाच दिवशी भरली गेली. ती चार-सहा हप्त्यांत भरली असती, तर या वर्षी तोटा कमी झाला असता. बाजार चढतच राहिला असता, तर नफाही कमी झाला असता.