तुपात उतरलेला केशरी रंग

किसलेलं गाजर तुपात परतलं, की थोड्या वेळात कडेला सुटणारं तूप केशरी दिसू लागतं. पाण्यात न विरघळणारं बीटा-कॅरोटीन तुपात उतरल्याची ही खूण.

कच्च्या गाजरात ते बारीक स्फटिकांच्या रूपात, पेशींच्या चिवट भिंतींआड अडकलेलं असतं. नुसतं चावून खाल्लं, तर बरंचसं न पचताच बाहेर पडतं. शिजवल्यावर भिंती सैलावतात. मग आतड्यात पित्तरस स्निग्धांशाचे सूक्ष्म कण करतो आणि त्यांत बसूनच कॅरोटीन आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतं. त्यासाठी कोशिंबिरीवरची चमचाभर तेलाची फोडणी पुरते. वाटीभर तूप नको.

उकडलेल्या रताळ्यावरही तूप घ्यावं, पण रताळं केशरी गराचं हवं. पांढऱ्यात कॅरोटीन नावापुरतंच.

पपईत मात्र असे घट्ट स्फटिक नसतात. २०१४च्या एका अभ्यासात न शिजवलेल्या पपईतलं बीटा-कॅरोटीन कच्च्या गाजरातल्यापेक्षा सुमारे तिप्पट शोषलं गेलं.