टार्गेट हुकलं, खापर कुणावर?

‘कर्मचारी रोज वेळेवर येतो, कामांची यादी करतो आणि हातातली फाइल संपवल्याशिवाय उठत नाही. गुण ओळखा.’ एमबीएच्या पेपरात हा फुकटचा गुण. उत्तर काटेकोरपणा. बिग फाइव्हच्या पाच गुणांत नोकरीसाठी हाच सगळ्यात खणखणीत. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ साली शंभराहून जास्त जुने अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पोलिसांपासून विक्रेत्यांपर्यंत सगळ्याच कामांत तो चांगल्या कामगिरीशी जोडलेला दिसला.

आता खरी मेख. याच माणसाचं टार्गेट हुकतं आणि तो म्हणतो, ‘बाजारच बसलाय, मी काय करणार?’ कुरकुर ऐकली की पोरं डोळे झाकून ‘भावनिक अस्थिरता’वर टिक करतात. पण इथे ना काळजी आहे, ना चिडचिड. त्याने फक्त कारण सांगितलं, आणि ते स्वतःच्या बाहेरचं सांगितलं. म्हणजे बाह्य लोकस ऑफ कंट्रोल. ‘मीच फॉलोअप कमी केला’ म्हणाला असता तर आंतरिक. माणूस एरवी कसा वागतो हे प्रश्नात असेल तर बिग फाइव्हकडे बघा. जे घडलं त्याचं श्रेय किंवा खापर तो कुणाला देतो हे असेल तर लोकसकडे.

तरीही एका वाक्यावर विसंबू नका. हाच गडी पुढच्या तिमाहीत टार्गेट गाठून ‘हे माझ्या मेहनतीचं फळ’ म्हणाला, तर त्याला बाह्य म्हणता येत नाही. अपयश बाजाराचं आणि यश आपलं, ही तर आपल्या सगळ्यांचीच सोयीस्कर खोड! खरा बाह्य माणूस प्रमोशन मिळाल्यावरही ‘साहेबांची कृपा’ म्हणतो. म्हणून ज्या प्रश्नात फक्त अपयशाचा प्रसंग दिलाय, तो माझ्या मते अर्धवट प्रश्न.

लोकस ऑफ कंट्रोलची कल्पना मांडणाऱ्या ज्युलियन रॉटर यांच्या १९६६ च्या चाचणीत विधानांच्या २९ जोड्या होत्या. त्यातल्या सहा निव्वळ धूळफेकीसाठी, त्यांना गुणच नव्हते! उरल्या २३. गंमत म्हणजे जास्त गुण पडले, तर माणूस जास्त बाह्य.

आणखी एक चकवा. कँटीनमध्ये अनोळखी टेबलावर जाऊन गप्पा ठोकणारा तो बहिर्मुख. वाद नको म्हणून आपली सुट्टी सहकाऱ्याला देऊन टाकणारा तो मिळतंजुळतं घेणारा, मग दिवसभर तोंड उघडो न उघडो.

आणि बडबड्यालाच सेल्समध्ये टाकायच्या विचारात असाल, तर थांबा. अ‍ॅडम ग्रँट यांच्या २०१३ च्या अभ्यासात सर्वाधिक कमाई करून देणारे विक्रेते ना फार बोलके होते, ना फार अबोल. ते मधलेच निघाले.