चंद्राचं खळं २२ अंशांचंच का?

चंद्राला खळं पडलं की पाऊस येणार, असा ठोकताळा गावाकडे अजून ऐकू येतो. पावसाचं काहीही होवो, खळ्याचं माप मात्र चुकत नाही. हात सरळ लांब करून पंजा ताणावा आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर धरावं. करंगळीचं टोक साधारण कड्यावर येतं. हे अंतर सुमारे २२ अंशांचं. कोल्हापूर असो की कोपनहेगन, ते बदलत नाही.

याचं कारण ढगात आहे. खळं पडतं तेव्हा आकाशात खूप उंचावर पातळ, दुधी पडद्यासारखा ढग पसरलेला असतो. खाली मे महिन्याचा उकाडा असला, तरी तिथे बर्फाचे बारीक स्फटिक असतात, आणि ते षटकोनी असतात: सहा बाजूंच्या पेन्सिलीचा आखूड तुकडाच जणू.

अशा स्फटिकाच्या एका बाजूतून चांदणं आत शिरलं, तर बाहेर कुठून पडेल? समोरची बाजू समांतर असते. तिच्यातून निघालेला किरण मूळच्याच दिशेने जातो, म्हणजे खळ्याच्या उपयोगाचा नाही. लगतची बाजू १२० अंशांचा कोन करते. तिच्यातून तो बाहेर पडूच शकत नाही, आतल्या आत परावर्तित होतो. उरली एक सोडून पुढची बाजू. या दोन बाजू वाढवल्या तर ६० अंशांचा कोन होतो. स्फटिक षटकोनी असला, तरी प्रकाशासाठी तो त्रिकोणी लोलक ठरतो. सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ एदम मारियॉत यांनी खळ्याचा उलगडा याच लोलकाने केला.

आता हिशेब. बर्फाचा अपवर्तनांक १.३१. किरण सर्वांत कमी वळतो तो लोलकातून सममितीने जाताना. तेव्हा आत तो लंबाशी ६० च्या निम्मा, म्हणजे ३० अंशांचा कोन करतो. ३० अंशांची ज्या ०.५, तिला १.३१ ने गुणलं की ०.६५५. ही ज्या ४०.९ अंशांची, म्हणून किरण शिरतानाही ४०.९ अंशांनी शिरतो आणि निघतानाही तितक्याच. दोन्हींची बेरीज ८१.८, त्यातून ६० वजा केले की उरतात २१.८.

पण हवेतले स्फटिक वेडेवाकडे फिरत असतात, सगळे सममितीने थोडेच बसणार? खरी गंमत इथे आहे. किरण ३० अंशांनी शिरला तरी एकूण २३ अंशच वळतो, ५० अंशांनी शिरला तर साडेबावीस. स्फटिक बराच फिरला तरी वळण फारसं हलत नाही, त्यामुळे प्रकाशाची गर्दी २२ अंशांपाशी होते. त्याहून कमी तर कोणताच किरण वळत नाही. म्हणून कड्याच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा काळपट दिसतं आणि आतली कडा रेखीव असते. तांबडा रंग सर्वांत कमी वळतो, म्हणून या कडेला कधीकधी तांबूस झाक येते; बाहेरची बाजू मात्र पुसट होत जाते.

कधी चंद्राला अगदी चिकटून, काही अंशांचंच रंगीत तेजोवलय दिसतं. ते हे खळं नव्हे. ते बहुधा पाण्याच्या सूक्ष्म थेंबांमुळे होणाऱ्या विवर्तनाचं. थेंब जितके लहान, तितकं ते मोठं. त्याची तांबडी कडा बाहेरच्या बाजूला असते.